हजार वेळा दिसण्याचा सौदा

प्रश्न : आई आणि मी घरी केलेली कोल्हापुरी चटणी विकतो. मे महिन्यात इन्स्टाग्राम-फेसबुकवर ४,००० रुपयांची जाहिरात केली. जाहिरात लावून देणारा मुलगा म्हणाला, "५० हजार लोकांनी बघितली." ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, पुन्हा तेवढेच पैसे घातले तर आकडा आला २५ हजार. तो म्हणतो सीझनमुळे रेट डबल झालाय. हा रेट ठरवतं कोण? इम्प्रेशन, रीच, सीपीएम असलं काहीबाही तो बोलतो, मला त्यातलं काही कळत नाही. तो मला गंडवतोय का? दोन्ही जाहिरातींचे स्क्रीनशॉट आणि ऑर्डरच्या वहीची पानं सोबत पाठवते.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर :

ताई, वहीची पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. नुसते स्क्रीनशॉट असते तर मीही तुमच्यासारखाच २५ हजारांच्या आकड्यावर अडकून बसलो असतो. वहीकडे शेवटी येतो, कारण खरी गंमत तिथंच आहे.

त्या मुलानं तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली आहे. मे महिन्यात तुमची जाहिरात ५० हजार लोकांनी बघितलेली नाही. ती ५० हजार वेळा दिसली. लोक होते २० हजार. हे त्याच स्क्रीनशॉटवर शेजारच्या कॉलममध्ये लिहिलेलं आहे, फक्त त्यानं मोठा आकडा उचलला. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही, या धंद्यातली निम्मी पोरं दोन्ही शब्द एकच समजून वापरतात.

दाभोळकर कॉर्नरला एखादा मोठा बोर्ड लावलाय असं समजा. एक माणूस रोज सकाळी त्याच्यासमोरून कामाला जातो आणि संध्याकाळी परत येतो. महिन्यात त्याच्या नजरेसमोर तो बोर्ड साठ वेळा आला. माणूस एक, दिसणं साठ. यातलं जे साठ आहे ते इम्प्रेशन आणि जो एक आहे तो रीच. साठाला एकानं भागलं की मिळते फ्रिक्वेन्सी, म्हणजे एका माणसाला सरासरी किती वेळा दिसलं. तुमच्या मे महिन्याच्या जाहिरातीत ५० हजार भागिले २० हजार, म्हणजे प्रत्येकाला सरासरी अडीच वेळा.

मोबाईलवर इम्प्रेशन मोजायची रीत थोडी समजून घ्या, कारण 'बघितली' या शब्दावर फार भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. जाहिरात पडद्यावर आली की एक इम्प्रेशन धरलं जातं. समोरच्यानं ती वाचली का, अंगठा थांबवला का, व्हिडिओ सुरू तरी झाला का, याच्याशी त्या मोजणीला देणंघेणं नाही. कुणी खाली सरकून लगेच वर आला आणि तीच जाहिरात पुन्हा समोर आली तर ते एकच धरतात. पण सकाळी दिसली आणि रात्री जेवताना पुन्हा दिसली तर दोन. म्हणजे तुमच्या ५० हजारांत ज्यांनी चटणीच्या बरणीकडे ढुंकूनही न बघता पुढं ढकललं अशांचाच भरणा असणार, आणि ते सगळ्यांच्याच जाहिरातींचं असतं.

रीचमध्येही एक मेख आहे. तो आकडा अकाउंटवरून काढलेला अंदाज असतो. घरात एकच फोन असेल आणि तो सासू, सून, नातू असे तिघं बघत असतील तर तुमच्या खात्यात एकच माणूस. उलट एखाद्यानं फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकमेकांना जोडलेले नसतील तर तो एकटाच दोन धरला जाऊ शकतो. याहून महत्त्वाचं म्हणजे रीचची बेरीज करता येत नाही. सोमवारी ३ हजार लोकांना दिसली, मंगळवारी ३ हजारांना दिसली, म्हणून दोन दिवसांत ६ हजार लोक झाले असं नाही. मंगळवारचे बरेचसे सोमवारचेच असतात. इम्प्रेशनची बेरीज खुशाल करा, रीचची नको. कुणी रोजचे रीच एकाखाली एक लिहून खाली रेघ मारून तुम्हाला बेरीज दाखवली, तर तिथं मात्र गंडवणं सुरू झालं असं समजा.

आता रेट. सीपीएम म्हणजे जाहिरात हजार वेळा दिसण्याला पडलेला खर्च. त्यातला एम रोमन आकड्यातला, म्हणजे हजार. मी याला सरळ 'दरहजारी' म्हणतो. खर्चाला इम्प्रेशननं भागायचं आणि हजारानं गुणायचं. मे महिन्यात ४,००० भागिले ५०,००० गुणिले १,००० म्हणजे ८० रुपये. ऑक्टोबरात ४,००० भागिले २५,००० गुणिले १,००० म्हणजे १६० रुपये. 'रेट डबल झाला' हे त्या मुलाचं वाक्य आकड्याला धरून आहे. 'सीझनमुळे' हा शब्द मात्र अर्धाच खरा आहे.

रेट ठरवतं कोण, हा तुमचा प्रश्न. पेपरात जाहिरात द्यायची तर तिथं रेटकार्ड असतं. पहिल्या पानाचा हा दर, आतल्या पानाचा हा, रविवारी जास्त. मोबाईलवर असं कार्ड कुणाकडे नाही. तिथं लिलाव चालतो. आपल्या शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा तुम्ही पाहिला असेल, ढेपांच्या थप्पीसमोर व्यापारी उभे राहतात आणि बोली लागते. मोबाईलमध्ये तसाच सौदा एकेका माणसाच्या एकेका स्क्रोलला लागतो. पुण्यात एक बाई रात्री साडेनऊला इन्स्टाग्राम उघडते, तिच्या पुढच्या दोन-तीन पोस्टनंतर जाहिरातीची एक जागा रिकामी आहे, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तिथं कुणाची जाहिरात जायची हे ठरतं. तुमची चटणी, कुणाची साडी, कुणाचा फ्लॅट, कुणाचा क्लास, सगळे त्या एका जागेसाठी उभे असतात.

गुळाच्या सौद्यापेक्षा एक मोठा फरक आहे. इथं जास्त पैसे बोलणाराच जिंकतो असं नाही. बोलीबरोबर हेही बघितलं जातं की त्या विशिष्ट बाईनं या जाहिरातीवर काही करण्याची शक्यता किती, आणि जाहिरात एकंदर लोकांना आवडतेय की ते ती लपवताहेत. त्यामुळं लोकांना रुचणारी जाहिरात कमी बोलीतही जागा मिळवते, आणि रटाळ जाहिरातीला त्याच जागेसाठी जास्त मोजावे लागतात. चांगल्या ढेपेला चांगला भाव, इतकं सरळ ते नाही. इथं चांगली ढेप घेऊन येणाऱ्यालाच सूट मिळते.

आणखी एक बारीक गोष्ट. तुमच्यासारख्या छोट्या जाहिरातदारानं स्वतः बोली लावलेलीच नसते. तुम्ही बजेट सांगता, बोली तुमच्या वतीनं सिस्टीम लावते आणि ते बजेट संपवण्याचा प्रयत्न करते. म्हणून बाजार चढला तरी तुमचे ४,००० रुपये शिल्लक राहत नाहीत. ते पूर्ण खर्च होतात, फक्त त्यात कमी जागा येतात. ऑक्टोबरात तुमच्या बाबतीत हेच झालं. 'महाग आहे, आज नको' असं तुमच्या वतीनं कुणी म्हटलं नाही.

आता सीझन किती आणि बाकीचं किती ते वेगळं करू. मे महिन्याच्या स्क्रीनशॉटवर लोकेशन कोल्हापूर जिल्हा आहे, वय १८ ते ६५, स्त्री-पुरुष दोन्ही, आवडीनिवडी काही नाहीत. ऑक्टोबरात त्या मुलानं पुण्यातल्या तीन भागांवर दोन-दोन किलोमीटरची पिन टाकलीय, फक्त बायका, वय २८ ते ४५, वर स्वयंपाक आणि ऑनलाइन खरेदीची आवड. म्हणजे महिना बदलला आणि माणसंही बदलली. दोन गोष्टी एकदम बदलल्यावर कुठल्या गोष्टीनं किती फरक पडला ते सांगता येत नाही. भाजी खारट झाली की आपण मीठ बघतो, पण त्याच दिवशी चटणीही नवीन असेल तर?

नशीब चांगलं, ऑक्टोबरातल्या तिसऱ्या स्क्रीनशॉटवर एक ५०० रुपयांची छोटी जाहिरात दिसते, मे महिन्यासारखीच, कोल्हापूर जिल्ह्यात. बहुधा त्यानं सहज लावून बघितली असावी. तिला ४,००० इम्प्रेशन मिळाली, म्हणजे दरहजारी १२५ रुपये. हा आपला दुवा. माणसं तीच, महिना वेगळा, तर ८० चे १२५ झाले. हे ४५ रुपये सीझनचे. महिना तोच, माणसं वेगळी, तर १२५ चे १६० झाले. हे ३५ रुपये माणसांचे. ५०० रुपयांची चाचणी फार लहान आहे, तिचा आकडा दहा-वीस रुपये इकडंतिकडं होऊ शकतो. पण वाढीतला जवळजवळ निम्मा भाग दिवाळीचा नव्हताच, एवढं त्यावरून म्हणता येतं.

सीझनचं कारण बघा. नवरात्र सुरू व्हायच्या सुमारास ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांचे मोठे सेल लागतात. मग दसऱ्याला गाड्या, सोनं, टीव्ही. मग दिवाळीचे कपडे, मिठाई, फराळाचे डबे, भेटवस्तू. गुजरीतल्या सराफापासून ते देशभर विकणाऱ्या कंपन्यांपर्यंत सगळ्यांचं वर्षाचं जाहिरातीचं बजेट या चार-सहा आठवड्यांत बाहेर पडतं. आणि रिकाम्या जागा? त्या लोक किती वेळ मोबाईल बघतात त्यावर. दिवाळीत माणसाला दिवसाचे तीस तास मिळत नाहीत, उलट फराळ आणि पाहुण्यांत फोन बाजूलाच पडतो. गुळाला भाव चढला तर पुढच्या वर्षी शेतकरी जास्त ऊस गुऱ्हाळाला घालेल, आवक वाढेल. इथं आवक वाढवता येत नाही आणि घेणारे मात्र तिप्पट.

यात एक गोष्ट नव्यानं आलेल्यांच्या लक्षात येत नाही. मला खूप जण विचारतात, "आमच्या लाइनमध्ये दिवाळीत काहीच नसतं, मग आमचा रेट का चढतो?" कारण तुमची स्पर्धा दुसऱ्या चटणीवाल्याशी नाही. त्या पुण्यातल्या बाईच्या पडद्यावरच्या जागेसाठी तुम्ही सोन्याच्या दुकानाशी आणि मोबाईल कंपनीशी भांडताय. एका विक्रीमागं हजारो रुपये सुटणारा जेवढं मोजू शकतो तेवढं चटणीवाला मोजू शकत नाही. लग्नसराई, अक्षय्य तृतीया, मे-जूनमधले शाळा-क्लासचे प्रवेश, या वेळीही असंच लहान प्रमाणात होतं. २०२४ मध्ये तर दिवाळी आणि विधानसभेची निवडणूक महिन्याभराच्या आतच लागोपाठ आली. एका कपड्याच्या दुकानाची जाहिरात मी तेव्हा बघत होतो. उमेदवारांच्या प्रचाराचे व्हिडिओ त्याच तालुक्यातल्या त्याच पडद्यांवर यायला लागल्यावर आम्ही दहा दिवस जाहिरात बंदच ठेवली.

आता माणसांचे ३५ रुपये. पुण्यातल्या २८ ते ४५ वयाच्या, ऑनलाइन खरेदी करणाऱ्या बायका. यांच्या मागं कोण कोण लागलंय ते मोजा : फ्लॅटवाले, शाळावाले, क्रीमवाले, घरपोच किराणावाले, विमावाले. ज्यांच्याकडे खर्चायला पैसे आहेत आणि जे खरंच मोबाईलवरून खरेदी करतात, त्यांच्या जागेला जास्त बोली लागणारच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सगळ्या वयाच्या लोकांत पन्हाळ्याखालच्या गावात रील बघत बसलेला कॉलेजचा पोरगाही आला, त्याच्यामागं एवढी गर्दी नसते. त्याचा दरहजारी कमी, पण तो चटणी विकत घेणार नाही. आईनं केलेली घरात आहे.

शिवाय त्या मुलानं जाळं फार लहान टाकलं. तीन ठिकाणी दोन-दोन किलोमीटर, वर वयाची चाळण, वर आवडीची चाळण. राहिलेली माणसं थोडी. ऑक्टोबरातला रीच ६,२५० आहे, २५ हजारांना त्यानं भागा, फ्रिक्वेन्सी ४ येते. तळं लहान असलं की सिस्टीमला स्वस्त जागा शोधायला वावच राहत नाही, त्याच त्याच माणसांसमोर महाग जागा घ्यावी लागते. आणि चौथ्यांदा तीच बरणी दिसली की लोक कंटाळून ढकलतात किंवा लपवतात. मग सिस्टीम म्हणते, ही जाहिरात लोकांना रुचत नाही, आणि दर आणखी चढतो.

बाजार चढलाय की आपली जाहिरात शिळी झालीय, हे ओळखायची माझी साधी पद्धत सांगतो. तुमच्या दोन-तीन वेगवेगळ्या जाहिरातींचा दरहजारी एकाच आठवड्यात एकदम वर गेला, आणि फ्रिक्वेन्सी होती तेवढीच आहे, तर तो बाजार. एकाच जाहिरातीचा दर हळूहळू चढतोय आणि तिची फ्रिक्वेन्सीही बरोबर चढतेय, तर ती शिळी झाली. पहिल्या प्रकारात थांबायचं, दुसऱ्यात फोटो-व्हिडिओ बदलायचा किंवा जाळं मोठं करायचं. तुमच्या ऑक्टोबरात दोन्ही मिसळलं होतं.

आता वही. मे महिन्यात त्या जाहिरातीवरून आलेल्या ऑर्डर तुम्ही लाल पेनानं खुणा केल्यात, त्या १६ भरतात. ऑक्टोबरात पुण्याच्या जाहिरातीवरून २५. निम्म्या वेळा दिसून दीडपटीहून जास्त ऑर्डर! तुम्ही पत्रात याचा उल्लेखसुद्धा केला नाही, सगळं लक्ष त्या ५० हजारांकडं.

पूर्ण हिशोब मांडू. स्क्रीनवर दिसतो तो खर्च ४,००० रुपयांचा, पण त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे ७२० रुपये. मुलाचे १,००० रुपये. एकूण ५,७२०, दोन्ही वेळा सारखेच. तुमच्या वहीप्रमाणे एका किलोमागं मिरची, मसाला, कांडप, बरणी, कुरिअर वजा जाऊन ३०० रुपये सुटतात आणि बहुतेक ऑर्डर एक किलोची आहे.

मे महिन्यात १६ ऑर्डरींवर सुटले ४,८०० रुपये. जाहिरातीला गेले ५,७२०. खिशातून ९२० रुपये गेले. ऑक्टोबरात २५ ऑर्डरींवर सुटले ७,५००, त्यातून ५,७२० वजा केले तर राहिले १,७८०. ८० रुपयांचा स्वस्त दर तुम्हाला तोट्यात घेऊन गेला आणि १६० रुपयांच्या महाग दरानं चार पैसे मिळवून दिले.

यात नवल नाही. मे महिन्यात कोल्हापुरात तुम्ही कुणाला चटणी विकत होता? त्याच दिवसांत घराघराच्या गच्चीवर मिरची वाळत असते, डंकासमोर डबे घेऊन बायका नंबर लावून बसलेल्या असतात, शेजारच्या घरातला ठसका आपल्या घरात येतो. वर्षाची चटणी घरात पडत असताना इन्स्टाग्रामवरची चटणी कोण मागवणार? वहीतल्या १६ पैकी ११ पत्ते हॉस्टेल आणि भाड्याच्या खोल्यांचे आहेत, ते उगाच नव्हे. आणि पुण्यातल्या बायका? त्यांच्यातल्या बऱ्याच जणी आपल्याकडच्याच असणार. मे महिन्यात माहेराहून आणलेली बरणी ऑक्टोबरापर्यंत तळाला लागते.

एक सावधगिरी सांगतो. २५ विरुद्ध १६ हा फरक लहान आकड्यांचा आहे, आणि दिवाळीच्या आधी माणसं तशीही खरेदीच्या मूडमध्ये असतात. तेव्हा पुण्याचा गुण किती आणि ऑक्टोबरचा किती, हे अजून उघड झालेलं नाही. कोल्हापूरच्या ५०० रुपयांच्या जाहिरातीला दोन ऑर्डर आल्या, त्यावरून तर काहीच ठरवू नका. दोनाच्या तीन झाल्या असत्या तर चित्र बदललं असतं.

पण एक आकडा आता तुम्हाला स्वतःला काढता येईल, तुम्हाला परवडणारा दरहजारी. ऑक्टोबरात २५ हजार वेळा दिसून २५ ऑर्डर, म्हणजे हजारामागं एक. एका ऑर्डरीमागं ३०० सुटतात, तर हजार वेळा दिसण्याला जीएसटी आणि मुलाचे पैसे धरून ३०० रुपयांच्या आत काहीही चालेल. तुम्हाला पडले साधारण २२९. मे महिन्यात एक ऑर्डर यायला तीन हजारांहून जास्त वेळा दिसावं लागत होतं, म्हणजे तिथं सगळं धरून ९६ रुपयांच्या वर गेलात की तोटा, आणि तुम्हाला पडले ११४. एकाच बरणीसाठी दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळे परवडणारे दर. म्हणून 'चालू रेट काय आहे?' असं कुणाला विचारत बसू नका. दुसऱ्याचा दर त्याच्या मालाला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला लागू.

याच कारणानं त्या मुलाला 'रेट खाली आण' असं सांगू नका. त्याला तो सहज आणता येतो. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या बाहेर, दुसऱ्या ॲपमध्ये आणि गेममध्ये जिथं जाहिराती दिसतात तिथं टाकल्या की दरहजारी झटकन पडतो. तिथं जाहिरात बंद करायला गेलेला अंगठा चुकून तिच्यावरच पडतो, आणि क्लिकसुद्धा भरपूर दिसतात. वही मात्र कोरी राहते. किंवा जाहिरातीचं उद्दिष्ट 'विक्री' किंवा 'मेसेज' असं न ठेवता नुसती 'ओळख वाढवणं' ठेवलं तरी दर उतरतो, कारण मग सिस्टीम घेणारी माणसं शोधत नाही, फक्त स्वस्तात दिसतील ती शोधते. दोन जाहिरातींचे दर ताडून बघताना दोन्हींचं उद्दिष्ट एकच होतं का, हे म्हणून आधी बघायचं. तुमच्या तिन्हींचं 'मेसेज' आहे, म्हणून वरची तुलना चालली.

पुढं काय करायचं? पुण्याचं जाळं मोठं करा. पूर्ण शहर, वय २५ ते ५५, आवडीनिवडी काढून टाका. निवड करायचं काम जाहिरातीतल्या शब्दांना करू द्या. 'माहेरची चटणी संपली का?' असं पहिल्याच ओळीत आलं की जिचं माहेर कोल्हापूरकडं आहे ती थांबेल, बाकीच्या पुढं जातील, आणि कोण थांबतंय ते बघून सिस्टीम तशाच आणखी माणसांकडं जाईल. फ्रिक्वेन्सी तीनच्या वर जायला लागली की व्हिडिओ बदला. आईंचा डंकावरचा एखादा दहा सेकंदांचा चालेल, नटवलेला नको.

महिना निवडताना मी आषाढ घेईन. चटणी नुकतीच तयार झालेली असते, पाऊस लागलेला असतो, आणि आखाडात मटणाचा बेत घरोघरी ठरलेला. तांबडा रस्सा आपल्या चटणीशिवाय पुण्यात कसा करणार? शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाच्या जाहिरातींची गर्दी तोवर ओसरायला लागलेली असते आणि सणाची सुरू झालेली नसते. श्रावण लागला की कांदा-लसणाची चटणी दाखवण्यात अर्थ नाही, कितीही स्वस्त जागा मिळाली तरी. मग घटस्थापनेच्या आधीचा पंधरवडा मिळाला तर बघा, आणि तिथून भाऊबीजेपर्यंत बजेट निम्मं करा किंवा बंद ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत मोठ्यांची गर्दी नसते, तेव्हा पुण्याची तीच जाहिरात तेवढ्याच बजेटनं पुन्हा लावून बघा. ऑर्डर पुन्हा हजारामागं एकच्या आसपास आल्या तर तो पुण्याचा गुण. खूप घसरल्या तर ऑक्टोबरातलं यश दिवाळीचं होतं असं समजायचं.

मुलाकडून प्रत्येक वेळी पाच कॉलम मागा : `Amount spent`, `Impressions`, `Reach`, `Frequency`, `CPM`. पूर्ण जाहिरातीच्या तारखा निवडून, एका ओळीत. रोजचे वेगवेगळे नकोत. सहावा कॉलम तुमच्या वहीत आहे, तो त्याच्याकडे नाही, म्हणून 'जाहिरात कुठं बघितलीत?' हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून लाल पेनाची खूण करत राहा. आणि ॲड अकाउंट त्याच्या नावावर असेल तर पुढची जाहिरात लावण्याआधी तुमच्या नावानं उघडून घ्या, त्याला त्यात काम करण्यापुरता प्रवेश द्या. उद्या तो मुंबईला नोकरीला गेला तर मे आणि ऑक्टोबरचे हे आकडे त्याच्याबरोबर जाऊ नयेत.

गंडवतोय का, याचं उत्तर राहिलं. नाही, पण त्याला पुढच्या वेळी 'किती लोकांनी' आणि 'किती वेळा' हे दोन वेगळे प्रश्न विचारा, आणि तो दोन वेगळे आकडे सांगतो का ते बघा.